मास्तरांची पहिली जाहिरात आणि कात्रपचं वर्तुळ

प्रश्न: आमच्या वडिलांचं शहापूरला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मी इन्स्टाग्रामवर 3,000 रुपयांची जाहिरात टाकली. व्ह्यू आले, लाइक आले, ‘प्राइस?’ विचारणारे आले, पण दुकानात एकही बाई आली नाही. बाबा म्हणतात पैसे पाण्यात गेले. चूक टार्गेटिंगची झाली, की लहान गावात हे चालतच नाही?

उत्तर:

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या छोट्या दुकानदारांच्या जाहिराती मी सांभाळतो. तुमच्यासारखंच एक दुकान माझ्याकडे आलं होतं, त्याचीच गोष्ट सांगतो. तुमचं नेमकं कुठे अडलं ते त्यात सापडेल.

बदलापूर पूर्वेला, स्टेशनकडून कात्रपला जाणाऱ्या रस्त्यावर एक लेडीज टेलर आहेत. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आपणही तेच म्हणू. दोन शिलाई मशीन, एक फॉल-पिकोचं मशीन, एक कारागीर, आणि पडद्यामागे माप घ्यायला त्यांची बायको. कॉलेजात शिकणारा भाचा संध्याकाळी दुकानात बसतो. कात्री मास्तरांची, मोबाइल भाच्याचा, असा कारभार.

जून महिना होता. लग्नाचे मुहूर्त आटोपलेले, पाऊस लागलेला, घराघरांत शाळेच्या फी भरणं चाललेलं. दुकानात माशा मारायची वेळ आली तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, आपण ॲड टाकू.’ एका नवरीच्या ब्लाऊजचा व्हिडिओ त्यांच्याकडे होता. पाठीवर आरी वर्कचा मोर, त्याला मोती. तो व्हिडिओ इन्स्टाग्रामवर आधीच टाकलेला होता, त्याच्याखालचं `Boost post` हे बटण भाच्याने दाबलं. ठिकाण विचारलं तिथे त्याने ‘ठाणे’ लिहिलं, कारण जिल्हा ठाणे. वय 18 ते 65, स्त्री-पुरुष दोन्ही. आवडीनिवडींत फॅशन, शिवणकाम, ब्लाऊज डिझाइन असं जे जे सुचलं ते भरलं. रोजचे 500 रुपये, सहा दिवस. वर 18 टक्के जीएसटी लागतो हे त्याला पैसे भरताना कळलं. 3,000 चे 3,540 झाले.

सहा दिवसांत मोर पुष्कळ लोकांनी पाहिला. हार्ट आले, ‘सुपर’ आले, ‘प्राइस प्लीज’ आले. सातव्या दिवशी मास्तरांनी विचारलं, ‘मग आता कोण येणारे?’ कोणीच आलं नाही. आठवड्याने शेजारच्या किराणावाल्याच्या ओळखीने ते दोघे माझ्याकडे आले. मास्तरांचं म्हणणं एकच होतं: ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही, ते मॉलवाल्यांसाठी आहे.’

मी जाहिरातीचा हिशोब उघडला. `Ads Manager` मध्ये एकाच आकड्याचे तुकडे पाडून बघता येतात: कुठल्या वयाला दिसली, बायकांना किती, पुरुषांना किती, फोनवर कुठे दिसली. पैसे कुठे गेले ते तिथेच उघडं पडलं. ठाणे शहराचं नाव टाकलं की भोवती मोठं वर्तुळ येतं, आणि भाच्याच्या जाहिरातीत ते 40 किलोमीटरचं होतं. मी नकाशा मोठा करून मास्तरांपुढे धरला. त्या वर्तुळात एका बाजूला कुलाबा, दुसऱ्या बाजूला विरार, खाली पनवेल. बदलापूर उजवीकडे कडेला कुठेतरी. म्हणजे कात्रपच्या बाईसाठी काढलेले पैसे बहुतेक मुंबईत वाटले गेले होते. चौकशी करणाऱ्यांत विरारची एक बाई होती, भांडुपच्या दोघी होत्या. त्यांची चूक काय? त्यांना मोर आवडला.

दुसरी गंमत लाइकमध्ये होती. आम्ही लाइक करणाऱ्यांची प्रोफाइलं उघडून बघत गेलो. कोणी स्वतः ब्लाऊज शिवणारी, कोणी शिवण क्लास घेणारी, कोणी आरी वर्क शिकणारी, दोघे-तिघे तर उल्हासनगरचे टेलरच निघाले. मास्तर चष्मा वर करून म्हणाले, ‘हे तर आपलेच धंदेवाले!’ ही चूक फार घरांत होते. ‘शिवणकाम’ आणि ‘ब्लाऊज डिझाइन’ ही आवड बहुतेक करून शिवणाऱ्यांची असते. जिला ब्लाऊज शिवून हवाय ती बाई शिवणकामाचे व्हिडिओ बघत बसत नाही. ती साडी बघते, कपाटात घडी करून ठेवते आणि तिच्यासोबतचा ब्लाऊजपीस विसरून जाते. आवडीच्या यादीत तिला पकडायला गेलात तर भलतेच लोक हाती लागतात. म्हणून गल्लीतल्या टेलरच्या जाहिरातीत मी आवडीची खिडकी रिकामीच ठेवतो. ठिकाण, वय आणि बाई-पुरुष एवढं पुरे. बाकीची निवड जाहिरातीतल्या मजकुराने करायची असते, ते पुढे येईलच.

मग मी मास्तरांना जाहिरातीबद्दल काहीच न विचारता धंद्याबद्दल विचारलं. एका ब्लाऊजसाठी बाई दुकानात किती वेळा येते?

‘माप द्यायला एकदा, ट्रायलला एकदा, न्यायला एकदा. अल्टर निघालं तर चौथ्यांदा.’

टार्गेटिंगचं खरं गणित इथे आहे. साडीच्या दुकानात बाई एकदा येते, म्हणून ती कल्याणहून दादरला जाईल. ब्लाऊजसाठी तिला तीन फेऱ्या माराव्या लागतात, त्याही स्वयंपाक, नोकरी आणि मुलांची शाळा सांभाळून. तीन फेऱ्यांसाठी ती रिक्षाला किती पैसे घालेल? मास्तरांनी मापाची वही काढली. गेल्या वर्षभराची पानं उलटत आम्ही नावापुढचे पत्ते वाचले. बहुतेक सगळे कात्रप, शिरगाव आणि आसपासच्या सोसायट्यांमधले. पश्चिमेचे, म्हणजे मांजर्ली-बेलवलीकडचे पत्ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्याही बऱ्याच बायका माहेरच्या ओळखीने आलेल्या. बदलापुरात राहणाऱ्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. रुळांच्या पलीकडची वस्ती नकाशावर अर्ध्या किलोमीटरवर दिसते, पण पूल चढून-उतरून ब्लाऊज टाकायला कोणी येत नाही. अंबरनाथ, डोंबिवली, कल्याण, सगळीकडे पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावं आहेत. जाहिरातीच्या वर्तुळाला मात्र रूळ कळत नाहीत.

दुसऱ्या जाहिरातीसाठी आम्ही शहराचं नाव लिहिलंच नाही. नाव लिहिलं तर वर्तुळ सहसा मोठंच राहतं, ‘बदलापूर’ लिहूनही अंबरनाथ, उल्हासनगर आणि वांगणी आत येतात. त्याऐवजी नकाशावर पिन टाकता येते, आणि पिनभोवतीचं वर्तुळ एक-दोन किलोमीटरपर्यंत आवळता येतं. भाचा पिन दुकानावर टाकायला निघाला. मी ती कात्रपच्या आतल्या बाजूला सरकवली, इतकी की 2 किलोमीटरच्या वर्तुळाची कड रुळांच्या अलीकडे थांबली. दुकान वर्तुळाच्या मधोमध राहिलं नाही, कडेशी गेलं. भाच्याला ते पटेना. ‘दुकान तर मध्ये हवं ना?’

का हवं? जाहिरात दुकानाला बघायची नाहीये, बायकांना बघायची आहे, आणि त्या राहतात आतल्या बाजूला. दुसरं कारण स्टेशनचं. त्या ठिकाणी राहणारे आणि तिथे नुकतेच येऊन गेलेले, असे दोन्ही लोक ही यंत्रणा एकत्र धरते. स्टेशन वर्तुळात घेतलं की कर्जत लोकलमधून बसल्या जागी बदलापूर ओलांडणारे नेरळ-कर्जतचे प्रवासीही तुमच्या खात्यात जमा होऊ शकतात. फोनचा ठावठिकाणा काही अगदी काटेकोर नसतो, त्यामुळे पिन सरकवून सगळी गळती थांबत नाही. पण पश्चिम बाजू आणि रेल्वेचे प्रवासी एकाच हालचालीत बरेचसे बाहेर राहिले.

वय 25 ते 55, फक्त बायका. इथे एक खाच आहे. हल्ली `Advantage+ audience` नावाची सोय आपोआप चालू असते, आणि तिच्यात आपण भरलेलं वय आणि बाई-पुरुष हे निव्वळ सूचना म्हणून घेतलं जातं. ठिकाण ती पाळते, बाकीच्या बाबतीत स्वतःला वाटेल तशी जाते. मोठ्या दुकानाला त्याचा फायदा होतो, ज्याच्याकडे रोज दीडशे रुपये आहेत त्याला नाही. ती बंद करून जुना पर्याय निवडा, नाहीतर ‘प्राइस प्लीज’वाली पोरं पुन्हा येतील.

आता मजकूर. भाच्याला पुन्हा मोरच हवा होता. मी जूनच्या जाहिरातीवर आलेले सगळे मेसेज मास्तरांच्या बायकोला वाचायला दिले, कारण ते मेसेज आले होते बायकांचे आणि उत्तरं दिली होती भाच्याने. त्या वाचत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. कोणीतरी विचारलं होतं, ‘माप घ्यायला लेडीज आहेत का?’ भाच्याने उत्तर दिलं होतं, ‘येस मॅम, ऑल टाइप ऑफ ब्लाऊज.’ खाली आणखी एकीने तेच विचारलं होतं, फक्त आडून: ‘शॉपमध्ये कोण असतं?’ त्यालाही भाच्याने दुकानाची वेळ कळवली होती.

‘अरे गाढवा,’ मामी म्हणाल्या, ‘ही बाई मला शोधत होती.’

माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, पिनपेक्षाही. नव्या टेलरकडे जाताना बाईच्या मनात पहिला प्रश्न शिलाईच्या दराचा नसतोच. पडद्यामागे कोण आहे, आणि चांगल्या साडीचा ब्लाऊजपीस बिघडला तर काय, हे दोन प्रश्न असतात. मोर या दोन्हींचं उत्तर देत नाही. उलट आरी वर्कचा मोर बघून साधा ब्लाऊज शिवायचा असलेली बाई म्हणते, हे आपल्या खिशाचं नाही.

नवी जाहिरात मामींनीच केली. भाच्याने फोन धरला, त्या दुकानाच्या दारात टेप गळ्यात घालून उभ्या राहिल्या आणि अर्ध्या मिनिटात बोलल्या: साडी घेऊन ठेवलीय आणि ब्लाऊजपीस कपाटात पडलाय ना? माप मी स्वतः घेते. अस्तराचा ब्लाऊज 650 रुपये, ट्रायल दिल्याशिवाय फायनल शिलाई मारत नाही, दहा दिवसांत मिळेल. कात्रप रोडला दुकान आहे, रविवारी उघडं असतं.

दर सांगायला मास्तर तयार नव्हते. ‘समोरचा 600 म्हणेल.’ म्हणू दे. दर सांगितला की ज्यांना तो झेपत नाही त्या मेसेज करतच नाहीत, आणि उत्तरं देणाऱ्याचा वेळ खऱ्या गिऱ्हाइकांसाठी उरतो. रविवारचं मात्र त्यांना बदलावं लागलं. तोवर दुकानाची सुट्टी रविवारी असायची, आणि बदलापूरची नोकरदार बाई आठवड्यात रात्री घरी पोचते. तिला रविवारशिवाय दुसरा वार नाही. सुट्टी सोमवारी गेली.

जाहिरातीवर टिचकी मारली की थेट व्हॉट्सॲप उघडेल असा प्रकार निवडला. त्यासाठी दुकानाचा वेगळा नंबर व्हॉट्सॲप बिझनेसवर घेतला आणि तो फोन रात्री नऊ ते अकरा मामींच्या हातात ठेवला, कारण मेसेज त्याच वेळेला येणार होते. सकाळी उत्तर दिलेली बाई तोवर लोकलमध्ये लटकलेली असते.

सुरुवात कधी करायची यावर थोडी झकाझकी झाली. मास्तरांना लगेच जुलैत हवी होती, दुकान रिकामं होतं ना. बहुतेक दुकानदार असंच करतात: दुकान ओस पडलं की जाहिरात. पण आपलं दुकान ओस असतं तेव्हा गिऱ्हाइकाची गरजही झोपलेली असते. आम्ही गणपती होऊन जाऊ दिले आणि पितृपक्षात सुरू केली, चार आठवड्यांसाठी, रोज 150 रुपये. पितृपक्षात नवीन खरेदी करत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण पुढे नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई रांगेत उभी होती. त्या बायकांच्या डोळ्यांखालून मामींचा चेहरा आधीच गेलेला असावा, एवढाच हेतू होता.

पहिल्या तीन दिवसांत मोजके मेसेज आले आणि दुकानात कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला. त्याने आदल्या रात्री व्हिडिओ काढून मोराचा फोटो लावला होता, सकाळी तो काढून पुन्हा व्हिडिओ लावला होता, आणि मधल्या वेळेत वय 18 पर्यंत खाली आणलं होतं. ‘काहीच होत नव्हतं, म्हणून म्हटलं काहीतरी करू.’

नवी जाहिरात सुरू झाली की यंत्रणा वर्तुळातल्या वेगवेगळ्या लोकांना ती थोडी थोडी दाखवून बघते: कोण थांबतं, कोण मेसेज करतं. त्या काळात पडद्यावर `Learning` असं दिसतं. साधारण आठवडाभरात पन्नासेक मेसेज जमले की तिचा अंदाज बसतो. मधेच चित्र बदललं, वय बदललं, पैसे एकदम वाढवले, की मोजणी पुन्हा शून्यापासून. भाच्याने एका रात्रीत तीनदा पाटी पुसली होती. मी हे फोनवर सांगत होतो, स्पीकर चालू होता. मागून मास्तरांचा आवाज आला, ‘कापडावर रोज खडू पुसून नवा मारला तर कात्री चालवायची कधी?’ यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. `Ads Manager` चं ॲप भाच्याच्या फोनमधून काढून टाकायचं ठरलं. आठवड्यातून एकदा, सोमवारी सुट्टीच्या दिवशी, तिघांनी मिळून बघायचं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. रोज 150 रुपयांत आठवड्याला पन्नास मेसेज येत नाहीत. त्यांना अठराएक येत होते. मग पडद्यावर `Learning limited` असा शेरा येतो. जाहिरात बंद पडली असा त्याचा अर्थ नाही. एवढाच, की यंत्रणेचा अंदाज कच्चा राहील आणि आकडे आठवड्यागणिक वर-खाली होतील. लहान दुकानाने ते मान्य करून चालायचं. फक्त तेवढेच पैसे दोन-तीन जाहिरातींत वाटू नका, तो अंदाज आणखी कच्चा होतो.

धीराचा दुसरा भाग यंत्रणेशी नाही, बायकांच्या सवयीशी जोडलेला आहे, आणि तो मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. साडी घेतल्यावर ब्लाऊज शिवायला टाकेपर्यंत किती दिवस जातात, असं मी विचारलं. ते हसले. ‘महिना सहज. लग्न पंधरा दिवसांवर आलं की धावत येतात आणि म्हणतात अर्जंट.’ म्हणजे आज जाहिरात बघितलेली बाई महिन्याने येणार. पडद्यावरचा हिशोब मात्र आज आलेल्या मेसेजवर संपतो. ती महिन्याने दुकानात शिरली हे त्याला कधीच कळत नाही. मग कळणार कुणाला? मापाच्या वहीला.

मामींनी वहीत एक रकाना वाढवला. माप घेताना सहज विचारायचं, ‘आमचं दुकान कुठून कळलं?’ मोबाइलवर बघितलं असेल तर ‘मो’ लिहायचं. यात एक फसगत होते. पुष्कळ जणी ‘मैत्रिणीने सांगितलं’ म्हणतात, आणि खोदून विचारलं तर मैत्रिणीने सोसायटीच्या ग्रुपवर तुमचाच व्हिडिओ पुढे पाठवलेला असतो. म्हणून मामी पुढे विचारायच्या, ‘माझा व्हिडिओ बघितलात का?’ बायका हसून हो म्हणायच्या.

चार आठवड्यांनी जाहिरात थांबवली. 4,200 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, एकूण 4,956. मेसेज 71, म्हणजे जीएसटी सोडून एका मेसेजला साठेक रुपये पडले. वहीत ‘मो’ लिहिलेल्या बायका 12, त्यांचे ब्लाऊज 20. कारागिराची मजुरी, अस्तर, दोरा, हूक वजा करून मास्तरांना एका ब्लाऊजमागे साधारण 300 सुटतात. म्हणजे 6,000 आले आणि 4,956 गेले. उरले हजारभर. मास्तर म्हणाले, ‘चार आठवडे रात्री अकरापर्यंत ही फोन घेऊन बसली, त्याचे हजार रुपये?’ तक्रार रास्त होती. मी म्हटलं, वही बंद करू नका, तुळशीच्या लग्नापर्यंत ‘मो’ लिहीत राहा.

त्यानंतर, जाहिरातीवर एक पैसाही न घालता, आणखी 7 जणी आल्या आणि 13 ब्लाऊज टाकून गेल्या. एकीने तर व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, साडी दिवाळीत मिळणार होती म्हणून. एकूण 19 बायका, 33 ब्लाऊज, 9,900 रुपये. या 19 पैकी 8 जणींनी कधी मेसेज केलाच नव्हता, सरळ पायऱ्या चढून आल्या होत्या. नुसत्या पडद्याच्या हिशोबाने निकाल लावला असता तर त्या कुठेच दिसल्या नसत्या.

तरीही या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. एक बाई दुकानात आणायला 260 रुपये पडले. तिने एकच ब्लाऊज टाकला आणि परत आली नाही, तर 300 मधले 40 उरतात. या धंद्यात जाहिरातीची खरी कमाई दुसऱ्या ब्लाऊजपासून सुरू होते, आणि दुसरा ब्लाऊज मिळतो पहिल्याच्या फिटिंगमुळे. नुसता फॉल-पिको करणाऱ्याला मी पैसे देऊन जाहिरात करूच नका म्हणतो, एका साडीमागे तेवढं सुटतच नाही. आणि दिवाळीनंतर मास्तरांनी स्वतःहून सांगितलं की आता जाहिरात नको. एक कारागीर दिवसाला चार अस्तराचे ब्लाऊज उतरवतो, त्यात लगीनसराईचं काम. दहा दिवसांचा शब्द पंधरावर गेला असता तर व्हिडिओतल्या मामींनाच लोकांनी धरलं असतं.

आता तुमचं शहापूर. इथे मास्तरांची नक्कल करू नका. बदलापूर पूर्व ही दाट वस्ती आहे, तिथे 2 किलोमीटरमध्ये पुरेशा बायका मिळतात. शहापूर तालुक्याचं ठिकाण आहे. किन्हवली, डोळखांबकडची माणसं तिथे कचेरीच्या कामाला, बाजाराला येतातच, आणि त्याच फेरीत ब्लाऊजही टाकला जातो. तुमच्याकडे 2 किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर तेच चार चेहरे जाहिरात पुन्हा पुन्हा बघतील. एका माणसाला ती सरासरी किती वेळा दिसली हे `Frequency` या रकान्यात कळतं. तो आकडा चार-पाचाच्या वर गेला आणि मेसेज आटले, तर वर्तुळ लहान पडलंय किंवा व्हिडिओ शिळा झालाय. उलट आसनगाव स्टेशनजवळच्या नव्या इमारतींमधल्या नोकरदार बायकांचं गणित बदलापूरसारखंच असेल. पण बाबांकडे यातल्या कोण जास्त येतात हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही अंदाजाने ठरवू नका. गेल्या वर्षाची मापाची वही घ्या आणि प्रत्येक नावापुढचं गाव कागदावर उतरवा. ज्या दोन-तीन गावांतून जास्त बायका येतात तिथे वेगवेगळ्या पिना टाका. एकाच जाहिरातीत एकापेक्षा जास्त पिना चालतात. मधलं रान आणि महामार्गावरची ये-जा आपोआप बाहेर राहते.

आणि तुमचे जुने मेसेज अजून फोनमध्ये असतील. ‘प्राइस?’ वगळून उरलेले सगळे आईला वाचायला द्या. दुकानात माप कोण घेतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाबाच घेत असतील तर सगळ्यात आधी त्याचा विचार करा, कारण त्यावर कितीही चांगली पिन टाकली तरी उपाय होणार नाही. निदान मापाचा जुना ब्लाऊज आणला तरी चालेल, हे जाहिरातीत स्पष्ट लिहावं लागेल.